चरित्राचा तपशील कुठून घ्यावा: कोशातील नोंद, आत्मचरित्र आणि अधिकृत चरित्र

एखाद्या व्यक्तीच्या आयुष्याचा तपशील शोधायला बसले की हाताशी येणारी साधने बहुधा तीन प्रकारची असतात: ज्ञानकोशातील किंवा चरित्रकोशातील नोंद, त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेले आत्मचरित्र, आणि तिने किंवा तिच्या वारसांनी नेमलेल्या लेखकाने लिहिलेले अधिकृत चरित्र. जन्म, शिक्षण, लग्न, पदे, प्रवास हे सारे तिन्हींत सापडते. त्यामुळे यांतले कोणतेही एक उघडले तरी चालते, अशी समजूत होते. स्मरणिकेतला लेख असो, शाळेतला प्रकल्प असो की प्रबंधातले पहिले प्रकरण, चुका इथूनच शिरतात. तिन्ही साधने वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी तयार झालेली असतात, आणि जो प्रश्न त्यांच्या कर्त्यापुढे नव्हता त्याचे उत्तर त्यांत विश्वासार्ह असेलच असे नाही.

कोशातील नोंद सहसा असा लेखक लिहितो ज्याचा त्या व्यक्तीशी संबंध नसतो. तो छापील ग्रंथांवरून लिहितो आणि संपादकाने ठरवून दिलेल्या शब्दसंख्येत सगळे आयुष्य बसवतो. आत्मचरित्राचा लेखक घटनेला प्रत्यक्ष हजर असतो, पण लिहिताना घटना मागे पडून वीस-तीस वर्षे उलटलेली असतात. अधिकृत चरित्रकाराला घरातली पत्रे, रोजनिश्या आणि हिशेबाच्या वह्या पाहायला मिळतात. तो प्रत्यक्षदर्शी नसतो, पण त्याच्यासमोर त्या-त्या दिवशीचा कागद असतो. इथे ‘अधिकृत’ या शब्दाचा अर्थ नेमका धरला पाहिजे. मजकूर तपासून खरा ठरवला आहे, असे तो शब्द सांगत नाही. लेखकाला परवानगी मिळाली आणि दप्तर खुले झाले, एवढेच तो सांगतो.

हा फरक पाहायला विन्स्टन चर्चिल यांचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यांच्याबाबतीत तिन्ही साधने भरपूर उपलब्ध आहेत आणि ती एकमेकांना कुठे छेद देतात हे छापील पुराव्यावरून दाखवता येते. ‘माय अर्ली लाइफ’ हे त्यांचे आत्मचरित्र 1930 मध्ये निघाले. त्यांचे अधिकृत चरित्र आठ खंडांचे आहे. पहिले दोन खंड त्यांचा मुलगा रँडॉल्फ याने 1966 आणि 1967 मध्ये प्रसिद्ध केले. 1968 मध्ये रँडॉल्फ वारला आणि त्याच्या हाताखाली संशोधनाचे काम केलेल्या मार्टिन गिल्बर्ट यांच्याकडे ते काम आले. आठवा खंड 1988 मध्ये बाहेर पडला. शिवाय मूळ कागदपत्रांचे 23 जोडखंड आहेत आणि त्यांचे प्रकाशन 2019 पर्यंत चालले होते. कोशांतल्या नोंदी तर असंख्य आहेत.

आता एकच प्रसंग तिन्हींतून पाहू. 1899 साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध सुरू झाले. चर्चिल तेव्हा पंचवीस वर्षांचेही नव्हते आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राचे बातमीदार म्हणून तिथे गेले होते. 15 नोव्हेंबरला नाताळमधील एस्टकोर्टहून कॅप्टन हॉल्डेन यांच्या हुकमतीखाली एक चिलखती आगगाडी टेहळणीसाठी निघाली. चर्चिल तिच्यात होते. परतीच्या वाटेवर बोअरांनी गाडी रुळांवरून घसरवली आणि तोफा-बंदुकांचा मारा सुरू केला. चर्चिल यांनी पुढाकार घेऊन अडकलेले डबे बाजूला करवले, इंजिन मोकळे झाले आणि जखमींना घेऊन ते निसटले. चर्चिल मागे राहिलेल्यांसाठी परत फिरले आणि रुळांलगतच्या खोदलेल्या खिंडीत एका घोडेस्वाराने रायफल रोखून त्यांना पकडले. पिस्तूल ते इंजिनावरच विसरले होते. प्रिटोरियाच्या एका शाळेत त्यांना कैदेत ठेवले होते. तिथून 12 डिसेंबरच्या रात्री ते पळाले.

प्रश्न साधा आहे: त्यांना पकडले कोणी?

कोशातील नोंदीत हा प्रसंग दोन-तीन वाक्यांत आटोपतो. ब्रिटानिकासारख्या मोठ्या कोशातही गाडीवरचा हल्ला, कैद, पलायन आणि त्यातून मिळालेली प्रसिद्धी एवढेच सांगून लेखक पुढे संसदेकडे वळतो. पकडणाऱ्याचे नाव तिथे नसते. हा नोंदीचा दोष म्हणता येणार नाही. आयुष्याची मोठी वळणे क्रमाने सांगणे हे नोंदीचे काम आहे आणि त्या वळणाला घोडेस्वाराच्या नावाने काही फरक पडत नाही.

आत्मचरित्रात मात्र नाव आहे, आणि ते साधेसुधे नाही. चर्चिल सांगतात की युद्ध संपल्यावर बोअर सेनापती आपल्या उद्ध्वस्त देशासाठी मदत मागायला इंग्लंडला आले, तेव्हा एका खाजगी भोजनाच्या वेळी लुई बोथा यांच्याशी त्यांची ओळख करून देण्यात आली. पकडले जाण्याची हकिगत चर्चिल यांनी सांगितली, आणि तो स्वार मीच होतो, असे बोथा म्हणाले. बोथा पुढे दक्षिण आफ्रिकेचे पहिले पंतप्रधान झाले. या गोष्टीत शंकेला जागाच नाही, अशी ग्वाही चर्चिल देतात. त्यापुढे ते स्पष्टीकरणही जोडतात: युद्धाला विरोध असल्यामुळे बोथा यांना सुरुवातीला अधिकारपद मिळाले नव्हते, ते साधे शिपाई म्हणून आले होते आणि ही त्यांची पहिलीच चकमक होती.

जाणत्या वाचकाला संशय यावा तो याच स्पष्टीकरणाचा. नोव्हेंबर 1899 च्या मध्यापर्यंत बोथा त्याच आघाडीवर सेनापतीचे काम पाहत होते आणि त्याआधीच्या लढायांत ते होते. हल्ला करणाऱ्या फौजेची सूत्रे ज्याच्या हातात, तो एकटा घोडा फेकत पळणाऱ्यांच्या मागे खिंडीत उतरेल हे संभवनीय नाही. आठवणीतली मुख्य गोष्ट पटावी म्हणून लेखक जी पूरक माहिती पुरवतो ती बहुधा तपासता येते, आणि आत्मचरित्राची परीक्षा तिथेच होते. मुख्य विधान तपासायला कागद नसेल, तर त्याच्या आजूबाजूची टेकू देणारी विधाने तपासावीत.

दुसरी खूण काळाच्या अंतराची. चर्चिल यांनी हाच प्रसंग सुटकेनंतर लगेच लिहिला होता आणि तो 1900 साली ‘लंडन टू लेडीस्मिथ व्हाया प्रिटोरिया’ या पुस्तकात छापून आला. त्यात उंच, सावळा, रायफल धरलेला घोडेस्वार आहे, नाव नाही. म्हणजे पकडले गेले त्या वेळी तो कोण हे त्यांना माहीत नव्हते. नाव नंतरच्या भेटीतून आले, आणि पुस्तक लिहिताना त्या भेटीलाही जवळजवळ अठ्ठावीस वर्षे झाली होती. बोथा 1919 मध्येच वारले होते, तेव्हा दुरुस्ती करायला कोणी उरले नव्हते.

अधिकृत चरित्राच्या पहिल्या खंडात रँडॉल्फने हा दावा नाकारला आहे. बापाचे चरित्र मुलगा लिहीत असताना ही गोष्ट सोपी नसते. बोथा यांचे इंग्रजी तेव्हा कच्चे होते. ‘माझ्या फौजेने तुम्हाला पकडले’ एवढेच त्यांना म्हणायचे असावे आणि चर्चिल यांनी ते ‘मी पकडले’ असे ऐकले असावे, असा त्याचा तर्क आहे. खरा पकडणारा म्हणून सारेल ऊस्तहाउझेन या बोअर फील्ड-कॉर्नेटचे नाव पुढे येते. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस डॅनी थेरॉन या बोअर कॅप्टनने प्रिटोरियाला एक संदेश पाठवला होता. चर्चिल हे निव्वळ बातमीदार नसून गाडीवरच्या लढाईत त्यांनी भाग घेतला, ऊस्तहाउझेनने बंदूक रोखल्यावरच ते शरण आले, अशा धोकादायक कैद्याला सोडू नये, असा त्याचा आशय.

हा संदेश वाचण्याची एक रीत आहे. थेरॉन निःपक्षपाती नव्हता. चर्चिल यांची सुटका होऊ नये म्हणूनच तो लिहीत होता, त्यामुळे चर्चिल यांनी लढाईत किती भाग घेतला याबद्दलचे त्याचे म्हणणे जपूनच घ्यायला हवे. पण बंदूक कोणी रोखली हे नाव त्याच्या युक्तिवादासाठी महत्त्वाचे नव्हते. ऊस्तहाउझेन म्हटले काय किंवा दुसरा कोणी म्हटला काय, मुद्दा तोच राहिला असता. ज्या तपशिलात लिहिणाऱ्याचा काही स्वार्थ नाही आणि जो घटनेनंतर काही दिवसांतच लिहिला गेला, तो पक्षपाती कागदातही भरवशाचा असतो. ऊस्तहाउझेन 1900 मध्येच लढाईत जखमी होऊन मरण पावला, म्हणून त्याच्या बाजूने दावा सांगणारा कोणी मागे राहिला नाही. आत्मचरित्रे लिहिणारे आणि न लिहिणारे यांच्यातला हा फरक नेहमीच असतो: जो लिहायला उरतो त्याची हकिगत प्रचलित होते.

आणि ती प्रचलित झालीही. बोथा-चर्चिल भेटीची गोष्ट अनेक पुस्तकांत व लेखांत जशीच्या तशी येत राहिली. पाच ठिकाणी ती सापडली तरी साक्षीदार पाच होत नाहीत, कारण पाचही जणांनी 1930 चे तेच पान वाचलेले असते. कोशातील नोंद वापरताना हा धोका विशेष असतो. नोंद तटस्थ भाषेत लिहिलेली असते, तिच्यात ‘मी’ नसतो, म्हणून ती स्वतंत्र पुराव्यासारखी भासते. प्रत्यक्षात ती आत्मचरित्राचाच तृतीयपुरुषी गोषवारा असू शकते. हे ओळखण्याचा उपाय असा की नोंदीतला एखादा रंगतदार तपशील घ्यावा आणि तो आत्मचरित्रात त्याच क्रमाने, त्याच जोडणीने येतो का ते पाहावे. येत असेल तर दोन्ही मिळून साक्ष एकच धरावी. नोंदीखाली संदर्भग्रंथांची यादी असेल तर काम आणखी सोपे होते. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते आणि पुष्कळदा संदर्भही असतात. ती ओळ वाचल्याशिवाय नोंद वाचून झाली असे समजू नये.

आत्मचरित्रातल्या चुकांचा दुसरा नमुना हॅरो शाळेच्या प्रवेश परीक्षेचा. चर्चिल लिहितात की लॅटिनच्या प्रश्नपत्रिकेतले एकही उत्तर त्यांना आले नाही. वर नाव घातले, प्रश्नाचा आकडा घातला, त्याला कंस केला आणि मग शाईचा डाग पडला, बाकी कागद कोरा. ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि नापास विद्यार्थ्यांना धीर देण्यासाठी शिक्षकही ती सांगतात. अधिकृत चरित्राच्या कागदपत्रांत त्या परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशीचे, मार्च 1888 चे एक पत्र आहे. आधीच्या शाळेच्या चालक बाईंनी ते मुलाच्या वडिलांना लिहिले होते. मुलगा पास झाला, पण परीक्षेच्या ताणाने आजारी पडला, असे त्या कळवतात. लॅटिनमधून इंग्रजीत भाषांतर आपण कधी केलेच नव्हते, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. वस्तुतः वर्षाहून अधिक काळ तो व्हर्जिलचे आणि त्याहून जास्त काळ सीझरचे भाषांतर करत होता हे बाईंना माहीत होते, पण त्या काही बोलल्या नाहीत.

पत्राने आत्मचरित्राला पूर्णपणे खोटे पाडलेले नाही, हे लक्षात घ्यायला हवे. पेपर वाईट गेला हे दोन्हीकडे आहे. मुलाला लॅटिन येतच नव्हते, हा आत्मचरित्रातून निघणारा अर्थ मात्र टिकत नाही. भीतीने हातपाय गाळलेला मुलगा त्या जागी दिसतो. म्हातारपणी आपल्या बालपणाकडे पाहणाऱ्या लेखकाला ‘ढ मुलगा पुढे मोठा झाला’ ही गोष्ट आवडते. उलट प्रकारही असतोच: दारिद्र्य किंवा छळ थोडा वाढवून सांगणे. दोन्हींत लबाडी असतेच असे नाही. वर्षानुवर्षे पंगतीत सांगून घोटलेली गोष्ट शेवटी सांगणाऱ्यालाच खरी वाटू लागते. म्हणून आत्मचरित्रातला प्रसंग जितका नेटका, जितका हुकमी शेवट असलेला, तितका तो त्या दिवशीच्या कागदाशी ताडून पाहावा.

मग आत्मचरित्राचा उपयोग कशासाठी? जे दुसऱ्या कुठेच मिळणार नाही त्यासाठी. 1896 साली चर्चिल पलटणीबरोबर मुंबईला आले. जहाजातून होडीने ससून डॉकला उतरताना त्यांनी धक्क्यावरची लोखंडी कडी धरली, त्याच क्षणी लाटेबरोबर होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. ही दुखापत त्यांना आयुष्यभर नडली. पोलो खेळताना हात बांधावा लागे, आणि 1898 मध्ये सुदानमधील ओमदुर्मानच्या घोडदळ-हल्ल्यात तलवारीऐवजी पिस्तूल वापरले ते या खांद्यामुळेच, असे ते सांगतात. कोशाच्या नोंदीत या खांद्याला जागा नसते. शरीराची दुखणी, भीती, पहिल्या नोकरीची लाज, वडिलांबद्दलचा धाक, एखादा निर्णय घेताना मनात काय होते, या गोष्टींसाठी आत्मचरित्रच पहिले साधन आहे. फक्त त्या गोष्टी उतरवून घेताना ‘असे ते सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. माणसाने आपल्या हेतूबद्दल केलेले विधान हा त्या विधानाचा पुरावा असतो. हेतूचा तो अर्धाच पुरावा होय.

आत्मचरित्र कुठे थांबते हेही आधी पाहून घ्यावे. ‘माय अर्ली लाइफ’ विसाव्या शतकाच्या आरंभापाशी थांबते; चर्चिल यांच्या पंतप्रधानपदाबद्दल त्यात काही असणे शक्यच नाही. मराठीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाले आणि महिला विद्यापीठाची स्थापना 1916 मधली. ज्या कामामुळे कर्वे यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, ते पहिल्या आवृत्तीच्या वेळी झालेलेच नव्हते. त्यानंतर ते 1962 पर्यंत जगले. तेव्हा ‘कर्व्यांनी आत्मचरित्रात विद्यापीठाबद्दल म्हटले आहे’ असे वाक्य लिहायचे असेल तर कोणती आवृत्ती, तिच्यात पुढचा भाग कोणी आणि केव्हा जोडला, हे पाहिल्याशिवाय ते लिहू नये. इंग्रजीतले ‘लुकिंग बॅक’ 1936 चे आहे आणि तो निराळा ग्रंथ आहे.

अधिकृत चरित्राकडे वळताना त्याची प्रस्तावना सर्वांत आधी वाचावी, आणि एरवी कोणी वाचत नाही ती ऋणनिर्देशाची पानेसुद्धा. लेखकाला कोणी नेमले, कोणते दप्तर पाहायला मिळाले, कोणते मिळाले नाही, हस्तलिखित छपाईपूर्वी कुटुंबाला दाखवावे लागले का, हे तिथेच कळते. चर्चिल यांनी रँडॉल्फला 1960 मध्ये लेखी परवानगी दिली होती. नायकाने स्वतःच आपले चरित्र सांगावे, हे सूत्र रँडॉल्फने जाहीरपणे स्वीकारले आणि पत्रांचे लांबलचक उतारे भरभरून दिले. यामुळे वाचकाला मूळ कागद मिळतो, हा मोठाच लाभ. पण त्याचबरोबर सगळे आयुष्य नायकाच्या टेबलावरून दिसू लागते. त्याने ज्यांना पत्रे लिहिली ते ठळक होतात, आणि जे त्याच्याशी भांडून गेले किंवा ज्यांची पत्रे त्याने ठेवलीच नाहीत ते पुसट होतात.

प्रिटोरियाच्या पलायनात हे स्पष्ट दिसते. पळून जाण्याचा बेत तिघांचा होता: चर्चिल, कॅप्टन हॉल्डेन आणि ब्रॉकी नावाचा एक सार्जंट-मेजर. भिंतीवरून चर्चिल एकटेच पार गेले. बाकीच्या दोघांना संधी मिळाली नाही, आपण बागेत त्यांची वाट पाहिली, असे चर्चिल लिहितात. त्यांनी आपल्याला मागे टाकले, ही सल हॉल्डेन यांच्या मनात राहिली आणि 1948 मध्ये ‘अ सोल्जर्स सागा’ या आठवणींत त्यांनी आपली बाजू मांडली. या प्रश्नावर आत्मचरित्र आणि अधिकृत चरित्र जुळले तरी पुरत नाही, कारण दोन्ही एकाच घरातून आली आहेत. इथे त्या भिंतीच्या आत राहिलेल्याची साक्ष लागते. जिथे नायकाच्या अब्रूचा, पैशाचा किंवा एखाद्या नात्याचा प्रश्न असेल तिथे ‘त्या प्रसंगी दुसरे कोण हजर होते आणि त्याने कुठे काही लिहून ठेवले आहे का’ हा प्रश्न विचारावाच लागतो. हॉल्डेन यांचे म्हणणेही अठ्ठेचाळीस वर्षांनी छापलेले आहे हे विसरू नये. ते निर्णायक नाही, पण ते वगळून लिहिलेले वाक्य एकतर्फी ठरते.

कोशातील नोंदीचा खरा उपयोग सांगाड्यासाठी आहे. जन्म-मृत्यूचे दिवस, पदांची सुरुवात आणि शेवट, ग्रंथांची प्रकाशनवर्षे, मिळालेले मान, ही माहिती सार्वजनिक नोंदींत सापडते. कोशकार ती तिथून घेतो आणि पुढच्या आवृत्तीत सुधारूही शकतो. आत्मचरित्रकाराला आपल्या नेमणुकीचे साल चुकीचे आठवते, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. म्हणून तारीख आणि पदाच्या बाबतीत दोघांत तफावत आढळली तर बहुधा कोशाच्या बाजूने कल असावा, आणि मनःस्थितीच्या बाबतीत कोशाने काही विधान केले असेल तर ते कुठून आले हे विचारावे. मात्र कोशाचेही वय पाहावे लागते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश 1946 चा आहे. त्यातली तेव्हा हयात असलेल्या व्यक्तींची माहिती त्या वर्षापाशी गोठलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील माणसांसाठी तो अजूनही हाताशी ठेवावा असा ग्रंथ आहे.

मराठी साधनांत तारखांचा एक स्वतंत्र घोळ असतो. जुन्या आत्मचरित्रांत जन्म शके आणि तिथीने दिलेला असतो. शकाच्या आकड्यात 78 मिळवले की इसवी सन येतो. पण इसवी सन जानेवारीत बदलतो आणि शक चैत्रात, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथींसाठी 79 मिळवावे लागतात. शके 1800 मधला माघ म्हणजे 1879 ची सुरुवात; घाईने 78 मिळवणारा 1878 लिहून मोकळा होतो आणि पुढचे दहा लेख तेच साल उचलतात. कोश आणि आत्मचरित्र यांत बरोबर एका वर्षाचा फरक दिसला आणि महिना पौष ते फाल्गुन यांच्यातला असला, तर हेच कारण आधी तपासावे. दुसरे कारण वयाच्या हिशेबाचे. ‘विसावे वर्ष लागले होते’ म्हणजे एकोणीस पूर्ण. लेखकाने चालू वर्ष सांगितलेले असते आणि उतरवून घेणारा ते पूर्ण झालेले समजतो. या दोन कारणांनी निर्माण झालेली तफावत ही साधनांमधली खरी तफावत नव्हे. ती हिशेब नीट केला की मिटते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम यावरून ठरतो. आधी दोन निरनिराळ्या कोशांतील नोंदी घेऊन सालवारीचा एक कागद तयार करावा. दोन्हींचा संदर्भ एकच ग्रंथ असेल तर दुसरी नोंद बदलावी. मग आत्मचरित्र वाचताना त्यातील प्रत्येक प्रसंग त्या सालवारीवर बसवावा आणि जिथे तो बसत नाही तिथे खूण करावी. त्यानंतरच अधिकृत चरित्र उघडावे, आणि तेही सलग न वाचता आधी खुणा केलेल्या जागांपुरते, सूची पाहून. तळटीप कोणत्या कागदाकडे बोट दाखवते ते इथे महत्त्वाचे. तळटिपेत त्या काळचे पत्र, तार किंवा दफ्तरातली नोंद असेल तर चरित्रकाराच्या म्हणण्याला आत्मचरित्राहून अधिक वजन द्यावे. तळटीप पुन्हा आत्मचरित्राच्याच पानाकडे जात असेल तर अधिकृत चरित्राने नवीन काही सांगितलेले नाही. क्रम उलटा केला, म्हणजे अधिकृत चरित्रापासून सुरुवात केली, तर त्याच्या भारदस्तपणाचा दाब इतका येतो की पुढची दोन साधने फक्त दुजोऱ्यासाठी वाचली जातात.

एवढे करूनही काही जागी निकाल लागत नाही. तिथे मधला मार्ग काढून तिसरेच काहीतरी लिहिण्याचा मोह आवरावा. दोन साधनांत 12 आणि 14 तारीख असेल तर ‘सुमारे 13 तारखेला’ असे लिहिणे म्हणजे कोणीच न सांगितलेली तारीख जन्माला घालणे होय. कोणी काय म्हटले आहे ते नाव घेऊन, त्याच वाक्यात लिहावे. चर्चिल यांच्या कैदेबद्दलचे वाक्य मग असे होईल: ‘15 नोव्हेंबर 1899 रोजी चर्चिल यांना एका बोअर घोडेस्वाराने पकडले, तो लुई बोथा होता असे त्यांनी 1930 मधील आत्मचरित्रात लिहिले आहे, परंतु त्यांच्या अधिकृत चरित्रात हा दावा फेटाळला आहे आणि त्या वेळच्या बोअर संदेशात सारेल ऊस्तहाउझेन याचे नाव आहे.’ वाक्य लांब होते. छोट्या परिचयात तेवढी जागा नसेल, तर कोशकार करतो तेच करावे आणि घोडेस्वाराला निनावी ठेवावे.